उणे 1.6 आणि तरी गोळ्या?

«ऑस्टिओपोरोसिस उणे 2.5 पासून धरतात, असं तुम्हीच लिहिलंत. माझ्या आईचा (वय 72) मणक्याचा टी-स्कोर उणे 1.6 आहे, तरी डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. गेल्या पावसाळ्यात पडवीत घसरून तिचं मनगट मोडलं, पण पडल्यावर हाड मोडणारच ना? आता तुमचा लेख खरा मानू की चिठ्ठी? – म्हापशाहून एक वाचक»

ताई, चूक माझी. ते वाक्य मी अर्ध्यावर सोडलं होतं.

टी-स्कोर ही तुलना आहे. विशी-तिशीतल्या निरोगी बाईच्या हाडांच्या सरासरी घनतेपासून आपण किती खाली आहोत, ते तो प्रमाण विचलनात सांगतो. उणे 2.5 ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने 1994 मध्ये आखली, निदानासाठी. रेघेच्या वर हाड मोडत नाही, असा तिचा अर्थ नाही. उणे 1 ते उणे 2.5 मधली माणसं इतकी जास्त असतात की मोडलेल्या हाडांपैकी बरीच त्यांचीच निघतात.

आता आईंचा रिपोर्ट काढा आणि एकूण आकड्याच्या वरच्या चार ओळी बघा, एल 1 ते एल 4, म्हणजे कमरेचे वरून खाली चार मणके. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा मशीनच्या टेबलाशेजारी मी बरीच वर्षं काढली. या वयात एक गोष्ट वारंवार दिसते. समजा एल 1 उणे 2.7, एल 2 उणे 2.6, पण एल 3 उणे 0.5 आणि एल 4 उणे 0.6. सरासरी येते उणे 1.6. खालचे दोन मणके मजबूत आहेत असं वाटतं, पण बहुतेक वेळा तिथे झिजेमुळे हाडाचे काटे वाढलेले असतात आणि मशीन तेही हाड म्हणूनच मोजतं. दबलेला मणकाही असाच फसवतो, कारण तेवढंच खनिज कमी जागेत मावतं. शेजारच्या मणक्यापेक्षा एखादा एकाहून जास्त अंकाने वेगळा निघाला आणि चित्रातही बिघाड दिसला, तर तो वगळायचा असतो. वरचे दोनच धरले की आकडा जवळजवळ उणे 2.65. खुब्याचा आकडाही बघा. तिथे काटे फारसे आड येत नाहीत, आणि निदान सगळ्यांत कमी आकड्यावर होतं.

आणि मनगट. उभ्या उंचीवरून लादीवर पडून तरण्या माणसाचं हाड सहसा मोडत नाही. म्हणून डॉक्टर ते अपघातात न धरता हाडाची तक्रार म्हणून धरतात. पुढच्या 10 वर्षांतला धोका काढायला फ्रॅक्स नावाचं गणित आहे. वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा मोडलेला खुबा, स्टिरॉइड, धूम्रपान हे त्यात भरायचं आणि खुब्याच्या मानेचा स्कोर द्यायचा. मणक्याचा आकडा तिथे विचारतच नाहीत. आई वर्षात किती वेळा पडल्या, हेही नाही. ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा.

उंची चार-एक सेंटीमीटर घटली असेल, तर पाठीचा बाजूने एक्स-रे काढायचा का, हेही विचारा. दबलेला मणका कित्येकदा दुखतही नाही.