स्क्रीन बदलल्यावर ठसा लागत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "तुम्ही सांगितल्याप्रमाणे पाच वेळा ठसा पुसून परत नोंदवला. काडीचा फरक नाही. स्क्रीन बदलल्यावर कॅलिब्रेशन लागतं हे तुम्हाला माहीतच नसावं. अर्धवट माहितीवर लेख पाडू नका. स्क्रीनगार्डबद्दल एक ओळ नाही, आणि ओल्या बोटाचा परिच्छेद तर कुठूनतरी उचललेला वाटतो."

उत्तर:

"माहीतच नसावं" हे कशावरून ठरवलंत? चिपळूणला माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान 17 वर्षं चालू आहे. बटणांचे फोन होते तेव्हापासून. लेख मी पाडत नाही, शटर ओढल्यावर रात्री लिहितो, फुकट. मतभेद असू द्या, पण ही भाषा कशाला?

स्क्रीनगार्डची ओळ राहून गेली, हे मान्य. काच आधी लावायची, ठसा नंतर नोंदवायचा. ठसा नोंदवून मग काच चढवली की सेन्सरला बोट पूर्वीपेक्षा वेगळं दिसतं. झालं समाधान?

आता कॅलिब्रेशन. तो शब्द लेखात नाही, कारण बहुतेक फोनांत ते घरी बसून करायचं काम नाही. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर म्हणजे एक छोटा कॅमेराच. स्क्रीनचा गोल भाग बोटावर उजेड टाकतो आणि परत आलेला उजेड पिक्सेलांच्या फटींतून खाली सेन्सरपर्यंत पोचतो. त्या चित्रात बोटाबरोबर पॅनेलची स्वतःची जाळीही उमटते. ती जाळी कशी दिसते हे कारखान्यातच फोनमध्ये साठवलेलं असतं आणि दर वेळी चित्रातून वजा होतं. पॅनेल नवं, साठवलेली जाळी जुनी, मग वजाबाकी चुकणारच. ती नव्याने साठवण्यासाठी कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं, आणि बऱ्याच मॉडेलांना सेन्सरवर दाबायचे खास रबरी ठोकळेही. गूगल पिक्सेल 6 हा अपवाद. त्याचा मालक फोन कॉम्प्युटरला जोडून ब्राउझरमधून हे स्वतः करू शकतो. बाजूच्या पॉवर बटणात सेन्सर असेल, तर त्याचा स्क्रीनशी संबंधच नाही.

पण कॅलिब्रेशन म्हणजे रामबाण नव्हे. गेल्या जुलैत खेडचे एक शिक्षक आले होते. स्क्रीन दुसरीकडे बदललेली, आणि तुमच्यासारखंच "कॅलिब्रेशन करून द्या" म्हणत होते. मी दुकानातला दिवा घालवला आणि त्यांच्या फोनवर पूर्ण काळं चित्र उघडलं. ओएलईडी पॅनेल असतं तर स्क्रीन अंधारात दिसेनाशी झाली असती. यांची राखाडी उजळत होती, म्हणजे स्वस्तातली एलसीडी बसवलेली. एलसीडीच्या पाठीमागे बॅकलाइटचे अपारदर्शक थर असतात, त्यातून बोटाचा उजेड खाली पोचतच नाही. कॅलिब्रेशन कशाचं करणार, कपाळाचं? योग्य पॅनेल बसवलं, कॅलिब्रेट केलं, ठसा पहिल्या खेपेला नोंदला.

आणि "पाच वेळा नोंदवला" म्हणजे नेमकं काय झालं, ते तुम्ही लिहिलंच नाही. सेटिंगमध्ये फिंगरप्रिंटचा पर्यायच गायब असेल, तर फोनला सेन्सर सापडत नाही. बहुधा सेन्सरला बोर्डाशी जोडणारी पट्टी नीट बसलेली नाही. पर्याय आहे पण नोंद मध्येच अडते, तर पॅनेल, काच किंवा कॅलिब्रेशन. नोंद शंभर टक्के पूर्ण होते आणि फक्त पावसातून आल्यावर ठसा लागत नाही, तर फोनला दोष देऊ नका. पाणी रेषांमधल्या खाचा भरून टाकतं, उंचसखल भागातला फरक पुसला जातो.

माझी पद्धत लेखात होती तीच. जुने सगळे ठसे पुसा, फोन रीस्टार्ट करा, काच पुसा. भांडी घासून किंवा भिजून आला असाल, तर बोटाच्या सुरकुत्या जाईपर्यंत थांबा, दहा-पंधरा मिनिटं तरी. मग फोन रोज जसा धरता तसाच धरून अंगठा सपाट दाबा, घासू नका, दर वेळी किंचित सरकवा म्हणजे कडाही येतील. तोच अंगठा दुसऱ्या जागेत परत नोंदवून बघा. काही फोन "आधीच नोंदलेला" म्हणून नाकारतात, तिथे दुसऱ्या हाताचा अंगठा द्या. पिन लक्षात असू द्या, कारण नवा ठसा घातला की बँकेची बरीच अ‍ॅप ठशाने उघडणं बंद करून पुन्हा पिन मागतात. मग "तुमच्यामुळे बँक बंद पडली" अशी प्रतिक्रिया नको.

उचललेल्या परिच्छेदाबद्दल मी काही बोलत नाही.

वरच्या तीनपैकी तुमचं कोणतं, आणि अंधारात काळं चित्र कसं दिसतं, तेवढं कळवा. जरा माणसासारखं लिहिलंत तर उत्तरही लवकर येईल.