९७ टक्के आणि इतर पराक्रम

परदेशात मास्टर्सला अर्ज करायचं ठरलंय ना? मग सीव्ही म्हणजे तुम्ही काय केलंत याची नोंद, हा समज आधी डोक्यातून काढून टाका. नोंद काय, गुणपत्रकातही असते. सीव्ही म्हणजे तुम्ही काय केलं असतंत याची हकिकत: वेळ मिळाला असता, गाईडनं लक्ष दिलं असतं आणि नेमक्या त्याच आठवड्यात परीक्षा आली नसती, तर. प्रवेश समितीला भूतकाळ आणि संकेतार्थ यांतला फरक कळत नाही असं धरून चाला. पुढचा सगळा डोलारा याच एका खांबावर उभा आहे, तेव्हा तो हलवू नका.

सुरुवात गुणांपासून. तुमचा सीजीपीए १० पैकी ८.२ आहे समजा. तो तसाच लिहिण्याचा कोतेपणा करू नका. ४ च्या पट्टीत बसवा. साधं त्रैराशिक मांडलं तर ३.२८ येतात, म्हणजे त्रैराशिक चुकलं. शोधत राहा, कुठला ना कुठला तक्ता ३.७ देतोच, आणि जो जास्त देतो तो तक्ता अधिकृत. जर्मनीला अर्ज असेल तर आणखी मजा, कारण तिथली पट्टी उलटी: १ म्हणजे सर्वोत्तम, ४ म्हणजे काठावर पास. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करायचे, म्हणजे १० उणे ८.२, उरले १.८. कमाल गुणांतून पास होण्यापुरते गुण वजा करायचे, ते ४ असतील तर उरले ६. पहिल्याला दुसऱ्यानं भागून तीनपट केली की ०.९, त्यात १ मिळवला की १.९. हा हिशोब तिथला माणूस मूळ गुणपत्रक समोर ठेवून स्वतःच करतो. म्हणूनच तर तुम्ही सीव्हीत १.४ लिहायचं. ‘८.२/१०, वर्गातल्या ९० जणांत सातवा’ असं सरळ लिहिलंत तर त्या बिचाऱ्याला शोधायला काही उरतच नाही.

आता संशोधन. इथे बहुतेक मुलं कच खातात, कारण त्यांचा एकही पेपर छापून आलेला नसतो. घाबरू नका. पेपरच्या अवस्था अनेक असतात: प्रकाशित, स्वीकृत, परीक्षणाधीन, पाठवलेला आणि सर्वांत सुपीक म्हणजे ‘तयारीत’. पहिल्या चारांना काहीतरी पुरावा लागतो, पाचवीला नुसती इच्छा पुरते. तेव्हा तयारीतले किमान तीन पेपर टाका. मुलाखतीत कुणी ‘मसुदा पाठवता का?’ असं विचारलं, तर इंटरनेट गेल्याचा बहाणा पूर्वापार चालत आला आहे.

अगदी छापील पेपरच हवा असेल तर पैसे घेऊन दोन दिवसांत स्वीकृती देणारी नियतकालिकं आहेत. त्यांच्या परीक्षणाच्या दर्जाबद्दल शंका नको. २००५ मध्ये डेव्हिड माझिएर आणि एडी कोलर या दोघा संगणकशास्त्रज्ञांनी ‘मला तुमच्या मेलिंग लिस्टमधून काढा’ अशा अर्थाचं एकच शिवराळ वाक्य पुन्हा पुन्हा लिहून आख्खा पेपर तयार केला होता, आकृत्यांसकट. २०१४ मध्ये एका संशोधकानं तो वैतागून अशाच एका नियतकालिकाला धाडला, तर ‘उत्कृष्ट’ असा शेरा आला आणि पाठोपाठ दीडशे डॉलर मागण्यात आले. इतकं गुणग्राही परीक्षण तुम्हाला घरी तरी मिळेल का? फक्त एक किरकोळ अडचण आहे. त्या विषयातल्या माणसाला आपल्या क्षेत्रातली नियतकालिकं बोटांवर मोजता येतात, आणि जे नाव त्यानं कधी ऐकलेलं नाही तिथेच त्याचा डोळा आधी अडतो. त्यानंतर तो बाकीचा सीव्हीही त्याच डोळ्यानं वाचतो. पण आपलं गृहीतक आठवा: त्याला कळत नाही.

लेखकांच्या क्रमाबद्दल एवढंच सांगतो, की सहा जणांत तुम्ही पाचवे असाल तर बाकीच्यांची नावं गाळा आणि ‘व इतर’ लिहा. स्वतःचं नाव मात्र पुढे आणि ठळक. गणितात आणि सैद्धांतिक संगणकशास्त्रात नावं बहुधा वर्णानुक्रमानं लावतात. तुमचं आडनाव सुरुवातीच्या अक्षराचं असेल तर हे कुणालाही सांगत बसू नका.

आता येऊ प्रोजेक्टकडे. खरी कला इथे दिसते, म्हणून एक उदाहरण नीट सांगतो. एका मुलीचा सीव्ही माझ्याकडे तपासायला आला होता. शेवटच्या वर्षाचा चौघांचा प्रोजेक्ट: त्वचेवरच्या डागाचा फोटो बघून तो घातक की निरुपद्रवी हे मशीननं सांगायचं. ६०० रुग्ण, प्रत्येकाचे चार फोटो, एकूण २४००. त्यातले ८० टक्के, म्हणजे १९२०, शिकवण्यासाठी आणि उरलेले ४८० परीक्षेसाठी, अशी चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केलेली. परीक्षेत मशीनला ९७ टक्के मिळाले. पोस्टर छापून झालं, टाळ्या झाल्या. इथपर्यंत सगळं कसं गोड.

पण ही बया फोटो साफ करायच्या कामावर होती. म्हणजे ज्या कामाचा सीव्हीत उल्लेखही करायचा नसतो, त्या कामावर. एके रात्री तिला परीक्षेच्या फोटोंत एक हात दिसला, त्यावर तिरकी चिकटपट्टी. तीच चिकटपट्टी तिनं दुपारी शिकवणीच्या फोटोंत पाहिली होती. वाटणी फोटोंची केली होती, रुग्णांची नाही. त्यामुळे एकाच रुग्णाचे तीन फोटो अभ्यासाला आणि चौथा परीक्षेला, असं झालं होतं. तिनं हिशोब मांडला. परीक्षेतल्या एखाद्या फोटोची तिन्ही भावंडंही परीक्षेतच असण्याची शक्यता ०.२ चा घन, म्हणजे हजारात आठ. ४८० फोटोंपैकी जेमतेम चार मशीनला खरोखर परके असणार. बाकीच्या पेपरातले प्रश्न त्याला आदल्या दिवशीच दाखवलेले होते.

शहाण्या माणसानं इथे लॅपटॉप मिटला असता. हिनं रुग्णांप्रमाणे नवी वाटणी केली, ४८० रुग्ण शिकवायला आणि १२० परीक्षेला, आणि मशीनला पुन्हा बसवलं. ७८ टक्के. वर आणखी आगाऊपणा असा, की सगळ्या फोटोंत ७० टक्के डाग निरुपद्रवीच आहेत हे तिनं मोजून काढलं. म्हणजे डोळे मिटून ‘काही नाही, घरी जा’ म्हणणाऱ्या मशीनलाही ७० मिळतील. चौघांच्या वर्षभराच्या मेहनतीची खरी कमाई निघाली आठ टक्के. शिवाय ते आठ टक्के घातक डाग ओळखल्यामुळे मिळालेत का, हे वेगळं मोजायला हवं, असंही ती म्हणत होती. बाकीचे तिघे आठवडाभर तिच्याशी बोलत नव्हते, ते साहजिकच आहे.

तिनं सीव्हीत काय लिहिलं असेल? ‘एकाच रुग्णाचे फोटो दोन्ही गटांत असल्याचं शोधलं; रुग्णनिहाय वाटणीनंतर अचूकता ९७ वरून ७८ टक्के (आधाररेषा ७०). माझं काम: २४०० फोटोंची साफसफाई, नवी वाटणी, फेरचाचणी.’ वाचून माझ्या पोटात गोळा आला. वर्षभर राबून आकडा खाली आणल्याची फुशारकी कोण मारतं? मी ताबडतोब सुधारून दिलं: ‘अत्याधुनिक एआय-आधारित रोगनिदान प्रणालीच्या विकासाचं नेतृत्व केलं, ९७ टक्के अचूकता साध्य.’ शेजारी कौशल्यांचा रकाना आखला, त्यात पायथॉनला पाचपैकी साडेचार तारे दिले. अर्धा तारा नम्रतेचा म्हणून सोडला.

ती म्हणाली, ‘पण सर, गाईडनी शिफारसपत्रात हीच चूक सापडल्याचं लिहिलं असेल तर?’

हा प्रश्न मला आवडला नाही. शिफारसपत्र गाईड थेट विद्यापीठाला पाठवतात, त्यात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. म्हणजे ते नाहीच, असं मी आजवर मानत आलो. समिती मात्र सीव्ही, एसओपी आणि शिफारसपत्र एकाच फाईलमध्ये उघडते. गाईडच्या पत्रात ७८ आणि तुमच्या कागदावर ९७ असेल, तर मधले १९ टक्के कुठे गेले हे शोधायला मोठी विद्वत्ता लागत नाही. पण असा विचार करत बसलं तर माणूस पेनच उचलणार नाही.

नेतृत्वाला फार जागा देत नाही, कारण ते तुम्हाला येतंच. व्हॉट्सॲप ग्रुप काढला असेल तर ‘संस्थापक’, त्यात काही पाठवलं असेल तर ‘संपर्कप्रमुख’. ‘५० जणांच्या चमूचं नेतृत्व’ लिहा. त्यातले ४५ जण एकदाच, गटाच्या फोटोपुरते आले होते, हे फोटोत दिसत नाही. तुम्ही गेल्यावर त्यातलं काय चालू राहिलं, असा खवचट प्रश्न काही प्राध्यापक विचारतात. या मुलीकडे त्याचं उत्तर होतं, ते आणखी वाईट. ती विज्ञान मंडळाची अध्यक्ष होती, आणि जाताना तिनं पुढच्या बॅचसाठी प्रोजेक्टचे फोटो कसे वाटायचे याची दोन पानी टिपणी करून ठेवली होती, जी अजून वापरात आहे. दोन पानं! मी ती ओळ खोडून ‘दूरदर्शी नेतृत्व’ केलं.

तिनं माझं काही ऐकलं नाही. दीड पानी सीव्ही पाठवला, माझे तारे काढून, ७८ कायम ठेवून. महिन्याभरानं व्हिडिओवर मुलाखत झाली. प्राध्यापकांनी म्हणे पहिल्याच मिनिटाला तीच ओळ वाचून दाखवली आणि पुढची २० मिनिटं तिथेच घालवली. चिकटपट्टी कशी दिसली, शक्यतेचा हिशोब कसा केला, आणि शेवटी: ‘घातक डागांचे फोटो एका कॅमेऱ्यानं आणि निरुपद्रवी डागांचे दुसऱ्यानं काढलेले असले तर? मशीन डाग ओळखत होतं की कॅमेरा?’ त्यावर ही सरळ म्हणाली, ‘हे आम्ही तपासलं नाही. तपासायला हवं होतं.’ मुलाखतीत! तोंडावर! मग दोघं मिळून ते कसं तपासता येईल यावर बोलत बसले आणि वेळ संपली.

अध्यक्षपदाचा विषय निघालाच नाही.