कार्ड घरी आधी जाऊ द्या

घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना चित्र-शब्दांच्या कार्डांवरून शाळेची भाषा शिकवताना हा प्रश्न येतो: "कार्डांवरचे शब्द पाठ आहेत, तरी मूल वर्गात गप्पच. मग घरीही शाळेचीच भाषा बोलायची का?"

नाही, घरची भाषा मुळीच सोडू नका. आईवडील ज्या भाषेत मोकळेपणी बोलतात, त्याच भाषेत मुलाला 'का' आणि 'कसं' समजतं. बदल करायचा तो कार्डांत आणि ती घरी पाठवण्याच्या वेळेत.

समजा, पुढच्या आठवड्यात 'बी रुजते' हा धडा आहे. तीन-चार दिवस आधी पाच-सहाच कार्डं घरी द्या: बी, मूळ, कोंब, भिजणे, रुजणे. क्रियापदं हवीतच, कारण नुसत्या नामांनी वाक्य होत नाही. कार्डाच्या पुढच्या बाजूला चित्र, शाळेतला शब्द आणि छोटं वाक्य. मागची बाजू कोरी, तिथे घरच्यांनी आपला शब्द लिहायचा. लिहिता येत नसेल तर फोनवर आवाज रेकॉर्ड केला तरी चालतं. मग ओल्या कापडात चार दाणे ठेवून घरच्याच भाषेत विचारायचं, "आधी काय बाहेर आलं? असं का झालं असेल?" वर्गात बसताना मुलाला गोष्ट कळलेली असते, नवे असतात फक्त शब्द.

"हे काय?" एवढंच विचारलं तर घोकंपट्टी लपून राहते. कार्ड दूर ठेवून खरा कोंब दाखवा आणि वाक्य बोलायला सांगा. तिथे अडलं, तर नवी कार्डं थांबवून हीच पुन्हा घ्या. आणि नवी भाषा शिकताना काही मुलं महिनोन्महिने नुसती ऐकतात. तेव्हा बोट दाखवून दिलेलं उत्तरही पूर्ण उत्तर धरावं.