हं... हं... अगं नाही!

फोनवरचं एका बाजूचंच बोलणं ऐकून त्याची कविता करायची असं ठरवलं, तेव्हा वाटलं, यात कसले कष्ट? आई रोज दुपारी नागपूरच्या मावशीशी पाऊण तास बोलते. आपण शेजारी मटार सोलत बसायचं आणि उतरवून घ्यायचं.

पहिल्या दिवशी हाती लागलं ते असं : "हं. हं. अगं नाही. हं. तेच ना. हं." दोन पानं. वाचून दाखवलं असतं तर डॉक्टर छाती तपासताहेत असं वाटलं असतं.

मग शहाणपणा केला. 'हं' काढले, अर्थ भरला :

काय सांगतेस? भाऊजी मोरीत घसरले?
आणि डावा पाय मोडला?

हा झाला नाटकातला टेलिफोन. तिथं पात्राला पलीकडचं वाक्य परत म्हणावं लागतं, कारण प्रेक्षकांना ते ऐकू येत नाही. पण मावशीला तिच्याच नवऱ्याची बातमी आई कशाला सांगेल? आई खरं तर एवढंच बोलली होती :

कधी?

अगंबाई.

डावा?

मग आता संडासला कसं

एका 'डावा?'मध्ये पडणं, पाय, प्लास्टर सगळं आलं. मधल्या कोऱ्या ओळी मावशीच्या. तिथं आधी मी टिंबं टाकली होती, पण पानावर मुंग्या लागल्यासारख्या दिसायला लागल्या. शेवटच्या ओळीला पूर्णविराम दिला की आई थांबली असं वाटतं. काहीच न देता ओळ सोडली की मावशीनं तिला तोडलं हे कळतं. या एका शोधापायी तीन दिवस आणि दोन किलो मटार खर्ची पडले.

'हं'नं तर छळच मांडला. चढा 'हं' म्हणजे पुढे बोल. लांबलेला म्हणजे मला पटलेलं नाही. तुटका म्हणजे गॅसवर दूध आहे. कागदावर तिन्ही सारखेच! अनुस्वाराला सूर नसतो, म्हणून तो खालच्या ओळीकडून उसना घ्यायचा :

हं.
तुला कोण विचारतंय पण.

आता हा 'हं' आपोआप लांबतो. अशा जागा मिळालेले तीनच 'हं' ठेवले, बाकी मटारच्या सालांबरोबर गेले.

शेवट कुठं करायचा? पहिल्या 'बरं'ला मी भाबडेपणानं वही मिटली. त्यानंतर आणखी चार 'बरं' झाले, 'ठेवते' झालं आणि मग, "अगं, सांगायचंच राहिलं..." खरी बातमी तिथं होती. म्हणून कविता संपवली ती अशी :

बरं.
बरं, ठेवते.
अगं हो

आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही. मोबाईल घेऊन गॅलरीत गेली, दार लोटून घेतलं. माझ्या हातात पेन नव्हतं, आणि फटीतून ऐकू आलं :

"अगं, आपला हा...

हो ना.

नाही, मटार सोलतो म्हणून...

हं.

नाही गं, नोकरी आहे अजून."