cos² कुठून आला? एका प्रतिक्रियेला उत्तर

उतारावरचा मातीचा थर घसरेल का, हे तपासायच्या सूत्रात मी छिद्रदाब, म्हणजे मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब, γw·h·cos²β असा धरला होता. γw म्हणजे पाण्याचं एकक वजन, β म्हणजे उताराचा कोन. सुरक्षा गुणक म्हणजे मातीची ताकद भागिले खाली ओढणारा ताण; तो 1 च्या खाली गेला की उतार घसरतो. त्यावर आलेली प्रतिक्रिया:

> "छिद्रदाब γw·h·cos²β कसा? नळीत घसरण-प्रतलाच्या वर 1 मीटर पाणी उभं असेल तर दाब 9.81 किलोपास्कलच. cos² घालून तुम्ही सुरक्षा गुणक उगाच फुगवताय."

नळीबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण माझ्या सूत्रातला h नळीतला नाही. तो मातीतल्या पाणीपातळीपासून घसरण-प्रतलापर्यंत सरळ खाली मोजलेला आहे. पाणी स्थिर असतं तर दोन्ही सारखेच आले असते. इथे ते उताराला समांतर वाहतंय.

प्रवाह समांतर असला की त्याच्या काटकोनात पाणी सरकत नाही, म्हणजे त्या दिशेला एकूण शीर्ष, म्हणजे बिंदूची उंची अधिक मीटरमध्ये मोजलेला दाब, कुठेही बदलत नाही. घसरण-प्रतलावरच्या एका बिंदूतून उताराला लंब काढा. पाणीपातळीपर्यंत त्याची लांबी h·cosβ, आणि वरच्या टोकाला दाब शून्य. खालचा बिंदू त्या टोकापेक्षा जितका खाली, तितकंच दाबशीर्ष. ती उभी उंची म्हणजे h·cosβ चा पुन्हा cosβ पट. दुसरा cos इथून येतो.

आता आकडे घालू. उतार β = 32°, खडकावर अवशिष्ट मातीचा, म्हणजे खडक जागीच कुजून झालेल्या मातीचा, z = 2 मीटर थर, मातीचं एकक वजन γ = 18 किलोन्यूटन प्रति घनमीटर (सोयीसाठी पाणीपातळीच्या वर-खाली एकच), मातीचा चिकटपणा c′ = 4 किलोपास्कल, घर्षणकोन φ′ = 34°. सूत्रात FS म्हणजे सुरक्षा गुणक आणि u म्हणजे छिद्रदाब.

```
FS = [c' + (γz·cos²β − u)·tanφ'] / (γz·sinβ·cosβ)
```

खाली ओढणारा ताण 16.2 किलोपास्कल येतो, लंब ताण 25.9. छिद्रदाब नसताना गुणक 1.33. h = 1 मीटर झाला की u = 7.1 आणि गुणक 1.03, म्हणजे उतार जेमतेम उभा. u सरळ 9.81 धरला तर 0.92 येतो, म्हणजे उभा उतार कागदावर पडलेला. गुणक 1 वर यायला h सुमारे 1.11 मीटर लागतो, आणि त्या क्षणी प्रतलावर टोक असलेल्या पीझोमीटरमध्ये, म्हणजे फक्त टोकाशी पाणी आत घेणाऱ्या नळीत, पाणी फक्त 0.80 मीटर दिसेल.

त्यामुळे उलटी चूक जास्त घातक. ते 0.80 वाचून कुणी पुन्हा cos² ने गुणलं तर गुणक 1.09 येतो आणि माणूस निर्धास्त होतो, उतार मात्र सुटायच्या बेतात. वाचन पीझोमीटरचं असेल तर γw ने गुणा आणि थांबा. पूर्ण लांबीभर छिद्रं असलेल्या नळीतलं पाणी तर ना धड h, ना धड h·cos²β. तो आकडा मी वापरणार नाही.

गुणक फुगण्याची एक खरी जागा मात्र आहे. अवशिष्ट मातीखालचा खडक बऱ्याचदा भेगाळलेला असतो. मोठ्या पावसात त्या भेगांतून पाणी वर, मातीत दाबलं जातं. मग प्रवाह समांतर राहत नाही आणि u सूत्रापेक्षा जास्त निघतो. पीझोमीटरमधली पातळी h·cos²β ओलांडून h कडे किंवा त्याहीवर गेली, तर हेच चाललंय असं समजा. तिथे समांतर पाझराचं सूत्र बाजूला ठेवून मोजलेला दाबच घ्यावा.