‘आत’ आणि ‘बाहेर’ एवढ्यावर ईईएफ-ओपीए सुटत नाहीत

“कंपनीच्या बाहेरचं ते ईईएफ, आतलं ते ओपीए. शिवाय पीएमला बदलता येतं ते ओपीए, येत नाही ते ईईएफ. एवढं पाठ करा, पीएमपीचे हे प्रश्न संपले.”

पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजरच्या, म्हणजे पीएमच्या, प्रमाणपत्र परीक्षेची तयारी करताना असा सल्ला ऐकायला मिळतो. यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. ओपीए, म्हणजे ऑर्गनायझेशनल प्रोसेस अ‍ॅसेट्स, संस्थेच्या आतलेच असतात. पण ईईएफ, म्हणजे एंटरप्राइज एन्व्हायर्नमेंटल फॅक्टर्स, बाहेरचेही असतात आणि आतलेही. पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शक पुस्तकाच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत आतल्या ईईएफची वेगळी यादीच आहे: संस्थेची संस्कृती, कार्यालयं कुठे विखुरलीत, इमारती-यंत्रं, सॉफ्टवेअर, माणसांची उपलब्धता आणि कौशल्य.

आता प्रश्न घ्या. टीम अर्धी हिंजवडीत, अर्धी खराडीत. समोरासमोर बैठक ठरवली की अर्ध्यांचा अर्धा दिवस रस्त्यात. दोन्ही कार्यालयं कंपनीचीच, तरी हे ईईएफ. प्रकल्पाने ही परिस्थिती गृहीत धरूनच चालायचं असतं.

परीक्षेत खरी गोची होते ती कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटवर, म्हणजे कागदपत्रांच्या आणि घटकांच्या आवृत्त्या सांभाळण्यावर. कंपनीत वापरात असलेली ती सिस्टीम, म्हणजे खुद्द सॉफ्टवेअर, हे ईईएफ. त्यात साठवलेल्या जुन्या प्रकल्पांच्या आवृत्त्या आणि बेसलाइन्स हे ओपीए. एकाच स्क्रीनवर दिसतात, म्हणून लोक दोन्हींवर एकच शिक्का मारतात. पर्यायात ‘सिस्टीम’ आहे की ‘रिपॉझिटरी’, एवढं नीट वाचलं तरी उत्तर हाती लागतं.

खर्चाच्या आकड्यांचंही तसंच. पैसे भरून घेतलेला व्यावसायिक डेटाबेस ईईएफच राहतो. वर्गणी आपण भरली म्हणून तो आपला होत नाही. मागच्या तीन प्रकल्पांत प्रत्यक्ष किती खर्च आला याची आपली नोंद मात्र ओपीए.

बाणेरच्या एखाद्या बिल्डरचं उदाहरण पाहा. रेराचा २०१६ चा कायदा आणि नोंदणीचे नियम ईईएफ. तेच नियम समोर ठेवून कंपनीने बनवलेली, प्रत्येक प्रकल्पाला लावायची चेकलिस्ट ओपीए. उगम बाहेरचा असला, तरी कामाची पद्धत म्हणून ती कंपनीने घडवली.

‘बदलता येतं’ ही कसोटी तर सरळ चुकवते. पीएमओने, म्हणजे कंपनीच्या प्रकल्प व्यवस्थापन कार्यालयाने, ठरवलेलं चेंज कंट्रोलचं धोरण पीएमला सहसा बदलता येत नाही, आपल्या प्रकल्पापुरतं बेताने जुळवून घेता येतं. तरी ते ओपीएच, त्याच्या पहिल्या भागातलं: प्रक्रिया, धोरणं आणि कार्यपद्धती. प्रकल्प चालू असताना भर पडते ती ओपीएच्या दुसऱ्या भागात: शिकलेले धडे, खर्चाच्या आणि दोषांच्या नोंदी. उलट टीमला प्रशिक्षण दिलं की माणसांचं कौशल्य वाढतं, म्हणजे आतला ईईएफ पीएमच्या हातून बदलतो.

त्यामुळे मी विद्यार्थ्यांना एवढंच विचारायला सांगतो: ‘काम कसं करायचं’ किंवा ‘आधी काय झालं’ हे सांगण्यासाठी संस्थेने ही गोष्ट तयार केली किंवा जपली आहे का? हो, तर ओपीए. नाही, ती फक्त भोवतालची परिस्थिती आहे, तर ईईएफ. ‘आमच्याकडे वरिष्ठांना कुणी नाही म्हणत नाही’ हे कुठे बसतं ते यावरून लगेच कळतं: संस्कृती, म्हणून ईईएफ. ‘नाही म्हणायचं तर हा फॉर्म भरा’ असं लेखी असेल, तर तो फॉर्म ओपीए.