‘रातधार’ हेच नाव का?

प्रतिक्रिया : “हजार वर्षांची जादूची तलवार आणि तिचे नाव ‘रातधार’? हे एखाद्या ओढ्याचे नाव वाटते. ‘रक्तधारा’ ठेवले असते तर भारदस्त आणि प्राचीन वाटले असते.”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही सुचवलेले नाव हेच तिचे मूळ नाव आहे, त्यामुळे पुढच्या भागातले गुपित मला आजच थोडे फोडावे लागते आहे. अखंड संस्कृत नाव भारदस्त वाटते हे खरे. पण माझ्या कानाला ते काल पाटीवर रंगवल्यासारखे लागते, कारण हजार वर्षे लोकांच्या तोंडी राहिलेले नाव झिजल्याशिवाय राहत नाही. आपल्याकडेच पाहा. प्रतिष्ठानाचे पैठण झाले आणि माझी कथा जिथे घडते त्या तगराचे, मधला ‘ग’ गळून, तेर झाले. पिंपळनेरमधले ‘नेर’ हेही असेच झिजलेले ‘नगर’ आहे.

तलवारीचे नाव मी याच वाटेने नेले. संस्कृतातले जोडाक्षर प्राकृतात एकाच व्यंजनाचे द्वित्त होते आणि मराठीत ते द्वित्त सुटून आधीचा स्वर दीर्घ होतो : सप्त, सत्त, सात, हस्त, हत्थ, हात. त्याच चालीने रक्त, रत्त, रात. शेवटचा ‘आ’ही जिह्वेची जीभ होताना गळतो तसा गळला आणि ‘रक्तधारा’ची ‘रातधार’ झाली. (कोकणातल्या रातांब्यात हाच तांबडा ‘रात’ अजून टिकून आहे.)

खरी गंमत पुढे आहे. ‘रात्रि’ हा शब्दही ‘रत्ति’ होऊन ‘रात’वरच येऊन थांबतो. म्हणून कथेतली म्हातारी नातवाला बजावते, “दिस बुडल्याबिगर तिला म्यानातनं काढू नगं.” गावाने नावाचा अर्थ रात्रीशी जोडला, त्यावरून नेम पाळले आणि तलवारीने कुणाचे रक्त सांडले होते ते विसरून गेले. ताम्रपटावरचे मूळ नाव वाचले जाईल तेव्हाच तो भूतकाळ उघड होईल. पहिल्याच पानावर ‘रक्तधारा’ म्हटले असते तर उघड करण्यासारखे काही उरले नसते.

नियम मी शेवटपर्यंत ताणला नाही, हेही सांगतो. दोन स्वरांमधल्या ‘ध’चा प्राकृतात ‘ह’ होतो, दधिचे दही होते तसा. म्हणजे काटेकोरपणे ‘रातहार’ हे रूपही निघू शकले असते. पण ते दागिन्याचे नाव वाटले असते आणि वाचकाला धार दिसलीच नसती. समासात दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर पुष्कळदा टिकते, त्या सवलतीचा मी फायदा घेतला.

एका बाबतीत मात्र चूक माझीच आहे, आणि ती तुमच्या नजरेतून कशी सुटली याचे नवल वाटते. तिसऱ्या भागातला यादवांच्याही आधीचा लोहार पाते पाण्यात विझवताना तिला ‘समशेर’ म्हणतो. हा फारसी शब्द त्याच्या तोंडी येणे शक्य नाही. तिथे आजच ‘खांडे’ करतो आहे.